दोन फोटो, एक मिनिट: ‘बी२ फर्स्ट’च्या तोंडी परीक्षेतली तुलना

केंब्रिजच्या ‘बी२ फर्स्ट’ या इंग्रजी परीक्षेला बरेच जण अजून एफसीई याच जुन्या नावाने ओळखतात. तिच्या तोंडी परीक्षेत एक भाग असा आहे, जिथे तुमच्यासमोर दोन फोटो ठेवतात आणि मिनिटभर तुम्ही एकट्यानेच बोलायचं असतं. मध्ये कोणी प्रश्न विचारत नाही, शब्द पुरवत नाही. एरवी सफाईने इंग्रजी बोलणारी मुलंही इथे अडतात, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण इंग्रजी कच्चं असणं हे नसतं. त्यांना वाटतं, फोटोत काय काय दिसतंय ते सांगायचं आहे. ते कोणी विचारलेलंच नसतं.

आधी खोलीत काय घडतं ते बघू. साधारणपणे दोन उमेदवार एकत्र आत जातात आणि समोर दोन परीक्षक असतात. त्यातला एकच तुमच्याशी बोलतो. दुसरा जरा बाजूला बसून फक्त ऐकतो आणि गुण देतो. दोघा उमेदवारांची मिळून परीक्षा १४ मिनिटांची. त्यात फोटोंचा हा दुसरा भाग ४ मिनिटांचा. तुम्हाला तुमच्या दोन फोटोंवर एक मिनिट, मग तुमच्या जोडीदाराला त्याच फोटोंवर एक छोटा प्रश्न आणि उत्तराला साधारण अर्धा मिनिट. नंतर जोडीदाराचे वेगळे दोन फोटो आणि तुमची अर्धा मिनिट बोलायची पाळी. शाळकरी मुलांसाठी ‘बी२ फर्स्ट फॉर स्कूल्स’ आहे, तिथेही हीच मांडणी. युरोपात शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांची गाठ बहुधा तिच्याशीच पडते.

आता परीक्षक काय म्हणतो ते नीट ऐका. पुढचा नमुना मी रचलेला आहे, पण घाट परीक्षेतलाच: “युअर फोटोग्राफ्स शो पीपल वेटिंग इन डिफरंट प्लेसेस. आय'ड लाइक यू टु कम्पेअर द फोटोग्राफ्स, अँड से हाउ यू थिंक द पीपल आर फीलिंग अबाउट हॅविंग टु वेट.”

यात कामं दोन आहेत. एक, तुलना करा. दोन, थांबावं लागतंय याबद्दल त्या लोकांना काय वाटत असेल ते सांगा. “डिस्क्राइब” हा शब्द कुठेही नाही. दुसरं काम, म्हणजे तो प्रश्न, फोटोंच्या वर छापलेलाही असतो, त्यामुळे पाठ करत बसू नका. बोलता बोलता धागा सुटला तर डोळे वर न्या, प्रश्न तिथेच आहे.

आपण हाच नमुना शेवटपर्यंत वापरू. पहिला फोटो विमानतळाचा आहे. खिडकीबाहेर अंधार. एक तरुण जमिनीवर बॅगेला टेकून झोपलाय, शेजारची मुलगी फोनकडे बघत बसली आहे, दोघांच्या मध्ये कॉफीचे चार-पाच रिकामे कप. दुसऱ्या फोटोत भर पावसात एका मोठ्या इमारतीबाहेर रांग लागली आहे. छत्र्या आहेत, बऱ्याच जणांच्या गळ्यात एकाच रंगाचे स्कार्फ आहेत आणि दोघं-तिघं मोठ्याने हसताहेत.

नवख्या उमेदवाराचं उत्तर बहुधा असं सुरू होतं: “इन द फर्स्ट फोटो आय कॅन सी ॲन एअरपोर्ट. देअर इज अ मॅन. ही इज वेअरिंग अ ब्लू शर्ट. ही इज स्लीपिंग. देअर इज अ गर्ल. शी हॅज अ फोन...” पस्तीस-चाळीस सेकंद असंच चालतं. मग “इन द सेकंड फोटो आय कॅन सी...” सुरू होतं आणि दोन वाक्यांत परीक्षक “थँक यू” म्हणून थांबवतो. व्याकरणाची एकही चूक नाही, पण तुलना झाली नाही आणि प्रश्नाला हातही लागला नाही. निळा शर्ट तर कोणाच्याच उपयोगाचा नव्हता.

हा रोग ओळखायची सोपी खूण आहे. घरी मोबाइलवर स्वतःचं एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ऐकताना एवढंच बघा, की दोन्ही फोटोंचा उल्लेख एकत्र येतो अशी वाक्यं किती आहेत. एकही नसेल, तर तुम्ही तुलना केलेली नाही. दोन वर्णनं एकापुढे एक ठेवली आहेत.

पहिली पायरी: साम्य, एका वाक्यात

सुरुवात दोन्ही फोटोंना कवेत घेणाऱ्या वाक्याने करा: “बोथ फोटोज शो पीपल हू हॅव टु वेट, बट द सिच्युएशन्स आर क्वाइट डिफरंट.” झालं. साम्यावर याहून जास्त वेळ घालवू नका, कारण ते परीक्षकाने स्वतःच सांगून टाकलेलं असतं. पण हे वाक्य म्हणायचं नक्की. त्याने सुरुवातीलाच तुम्ही तुलनेच्या रुळावर येता आणि “आय कॅन सी” तोंडात यायला जागाच उरत नाही.

इथे मराठी जिभेची एक खोड सांभाळायला हवी. ‘दोघंही खूश नाहीत’ हे आपण “बोथ ऑफ देम आर नॉट हॅपी” असं करतो. इंग्रजीत ते “नाइदर ऑफ देम इज हॅपी” असं होतं. फोटोंच्या तुलनेत असं वाक्य हमखास लागतं, म्हणून ते आधीच चार वेळा म्हणून ठेवा.

दुसरी पायरी: दोनच फरक, आणि तेही जोडून

फोटोत फरक दहा सापडतील. तुम्ही दोन निवडायचे, आणि ते निवडताना छापलेल्या प्रश्नाकडे बघायचं. प्रश्न लोकांच्या मनःस्थितीबद्दल आहे. मग आत-बाहेर हा फरक कामाचा, कारण पावसात उभं राहणं आणि छपराखाली बसणं यांनी मनाला फरक पडतो. दोघंच असणं आणि घोळक्यात असणं, हाही कामाचा. भिंतींचा रंग कामाचा नाही.

जोडणारे शब्द मूठभर पुरतात, पण प्रत्येकाचा वाक्यात बसायचा ढंग वेगळा आहे. “व्हेअरॲज” आणि “व्हाइल” दोन भाग एकाच वाक्यात बांधतात: “द फर्स्ट वन वॉज प्रॉबब्ली टेकन ॲट ॲन एअरपोर्ट, व्हेअरॲज द पीपल इन द सेकंड वन आर स्टँडिंग आउटसाइड इन द रेन.” “ऑन द अदर हँड” मात्र नव्या वाक्यात येतं, आणि कर्त्यानंतर घातलं तर जास्त सहज वाटतं: “द पीपल इन द क्यू, ऑन द अदर हँड, आर इन अ बिग ग्रुप.” “अनलाइक”नंतर नुसतं नाम पुरतं: “अनलाइक द कपल ॲट द एअरपोर्ट, दीज पीपल आर लाफिंग.” हे चार शब्द नीट वापरता आले तर एका मिनिटासाठी पाचवा लागत नाही. काही जण “ऑन द कॉन्ट्ररी” वापरतात. ते टाळा, ते आधीचं म्हणणं खोडून काढायला असतं, दोन गोष्टींतला फरक दाखवायला नाही.

यापेक्षा मोठी चूक शब्दांची नसते, विचारांची असते. “द बॉय इज स्लीपिंग, व्हेअरॲज इट इज रेनिंग.” व्याकरण बरोबर, वाक्य निरर्थक. मुलगा झोपलाय याच्यासमोर दुसऱ्या फोटोतली माणसं काय करताहेत ते यायला हवं, पाऊस नव्हे. जागेसमोर जागा, माणसांसमोर माणसं, मनःस्थितीसमोर मनःस्थिती. “व्हेअरॲज” म्हणायच्या आधी क्षणभर थांबलात तरी चालेल, पण पलीकडे काय ठेवणार हे माहीत असू द्या.

आवाजाचंही थोडं आहे, कारण उच्चारांना वेगळे गुण असतात आणि त्यात वाक्यातला आघात मोजला जातो. तुलनेत जोर फरकाच्या शब्दांवर पडतो. “द *कपल* लुक *बोअर्ड*, व्हेअरॲज द *फॅन्स* लुक *चिअरफुल*.” आपण मराठीच्या सवयीने सगळे शब्द सारख्या वजनाने बोलतो, मग ऐकणाऱ्याला फरक शोधत बसावं लागतं. “फोटोग्राफ्स”मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

तिसरी पायरी: अंदाज, आणि त्याच्यामागचा पुरावा

खरा कस इथे लागतो. फोटोतली माणसं कोण, कुठे निघाली, किती वेळ थांबली आहेत, हे तुम्हाला ठाऊक नाही. तरी त्यावर बोलायचं आहे. म्हणजे प्रत्येक विधानात ‘असेल’, ‘असावं’ यायला हवं.

आणि नेमकं हे ‘असेल’च आपल्याला फसवतं. मराठीत ‘तो आता घरी असेल’ आणि ‘तो उद्या घरी असेल’ यांत क्रियापदाचं रूप एकच. त्यामुळे मराठी विद्यार्थी अंदाज सांगताना सरळ “विल” उचलतो: “दे विल बी फुटबॉल फॅन्स.” ऐकणाऱ्याला वाटतं, हे पुढे कधीतरी फुटबॉलचे चाहते होणार आहेत. अंदाजासाठी “विल” इंग्रजीत अजिबात चालत नाही असं नाही, पण फोटोपुढे बसून ते नैसर्गिक वाटत नाही आणि या परीक्षेत तुमच्याकडून जी रूपं ऐकायची असतात ती राहून जातात. म्हणून सराव करताना नियमच करा: मनात ‘असेल’ आलं की तोंडातून “माइट बी” किंवा “कुड बी”.

खात्री किती, त्यावर शब्द बदलतो. नुसती शक्यता असेल तर “माइट बी” किंवा “कुड बी”. दोघांत फोटोपुरता फरक नाही, आलटून पालटून वापरा. बऱ्यापैकी खात्री असेल तर “प्रॉबब्ली”. पुराव्यावरून ठाम वाटत असेल तर “मस्ट बी”. आणि असं असणं शक्यच नाही असं वाटलं तर “कान्ट बी”. इथे “मस्ट नॉट बी” म्हणू नका. “मसन्ट” म्हटलं की ऐकणाऱ्याला मनाईच ऐकू येते.

क्रिया चालू असेल तर “बी”नंतर “इंग”: “दे माइट बी वेटिंग फॉर अ डिलेड फ्लाइट.” आधी घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज असेल तर “हॅव” आणि तिसरं रूप: “दे मस्ट हॅव बीन देअर फॉर अवर्स.” हे शेवटचं रूप मिनिटभरात एकदा जरी बरोबर आलं तरी व्याकरणाची झेप दिसते. दोनदा हवंच असं नाही. ओढूनताणून आणलेलं रूप लगेच कळतं.

“मेबी”चं काय? चालतं, पण वाक्याच्या सुरुवातीला: “मेबी दे आर टायर्ड.” “दे मेबी टायर्ड” हे चूक, कारण मग वाक्यात क्रियापदच उरत नाही. आणि प्रत्येक वाक्य “मेबी”ने सुरू करणारे इतके असतात की मी तर सरावात पहिल्या “मेबी”नंतर त्यावर बंदी घालतो. त्याऐवजी “परहॅप्स” घ्या.

दिसण्यावरून अंदाज करायचा तर “लुक”. विशेषण असेल तर नुसतं “लुक”: “शी लुक्स एग्झॉस्टेड.” नाम असेल तर “लुक लाइक”: “दे लुक लाइक स्टुडंट्स.” पूर्ण वाक्य असेल तर “लुक ॲज इफ”: “ही लुक्स ॲज इफ ही हॅजन्ट स्लेप्ट फॉर डेज.” “शी लुक्स लाइक टायर्ड” ही चूक इतकी सर्रास आहे की तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवला तरी हरकत नाही.

पण नुसता अंदाज अर्धाच असतो. “दे माइट बी टायर्ड.” बरं, कशावरून? इथे फोटोतले बारकावे कामी येतात, तेच बारकावे जे नवखा उमेदवार यादीसारखे वाचून दाखवतो. रिकामे कप आणि खिडकीबाहेरचा अंधार हे वर्णन म्हणून टाकाऊ आहेत. पुरावा म्हणून सोन्यासारखे आहेत. “देअर फ्लाइट मस्ट हॅव बीन डिलेड, बिकॉज इट्स डार्क आउटसाइड अँड देअर आर लॉट्स ऑफ एम्प्टी कप्स ऑन द फ्लोअर.” दुसऱ्या फोटोत स्कार्फ घ्या: “दे आर ऑल वेअरिंग द सेम स्कार्फ, सो दे कुड बी फुटबॉल फॅन्स वेटिंग टु गेट इन.” एकदा पुरावा आधी, “सो”ने अंदाज नंतर; एकदा अंदाज आधी, “बिकॉज”ने पुरावा नंतर. अंदाज खरा की खोटा हे कोणी तपासत नाही. ते स्कार्फवाले प्रत्यक्षात गाण्याच्या कार्यक्रमाला आलेले असले तरी तुमचा एकही गुण जात नाही.

चौथी पायरी: छापलेल्या प्रश्नाचं उत्तर

तुलना करता करता तुम्ही उत्तराच्या उंबरठ्यावर आलेले असता. तिथून आत जायला एक वळणाचं वाक्य लागतं: “ॲज फॉर हाउ दे फील, आय'ड से...” हे तीस-पस्तिसाव्या सेकंदापर्यंत यायला हवं. घड्याळ बघायची गरज नाही. साम्याचं एक वाक्य, फरकाची आणि अंदाजाची तीन वाक्यं झाली की वेळ तेवढाच गेलेला असतो.

“हॅपी” आणि “सॅड” यांवर थांबू नका. विमानतळावरची दोघं “फेड अप” आहेत, वैतागली आहेत. रांगेतले “इन अ मच बेटर मूड” आहेत. आणि इथे खरी तुलना सापडते: भिजणारी माणसं छपराखालच्या माणसांपेक्षा खूश का? कारण ती स्वतःहून थांबली आहेत. एवढं सुचलं की शेवटची वीस सेकंद आपोआप भरतात.

सगळं मिळून

आता हे एका दमात बघा.

“बोथ फोटोज शो पीपल हू हॅव टु वेट, बट द सिच्युएशन्स आर क्वाइट डिफरंट. द फर्स्ट वन वॉज प्रॉबब्ली टेकन ॲट ॲन एअरपोर्ट, व्हेअरॲज द पीपल इन द सेकंड वन आर स्टँडिंग आउटसाइड इन द रेन. द यंग कपल माइट बी ट्रॅव्हलिंग होम, अँड देअर फ्लाइट मस्ट हॅव बीन डिलेड, बिकॉज इट्स डार्क आउटसाइड अँड देअर आर लॉट्स ऑफ एम्प्टी कप्स ऑन द फ्लोअर. द पीपल इन द क्यू, ऑन द अदर हँड, आर वेअरिंग द सेम स्कार्फ, सो दे कुड बी फुटबॉल फॅन्स वेटिंग टु गेट इन. ॲज फॉर हाउ दे फील, आय'ड से द कपल आर फेड अप. द गर्ल लुक्स एग्झॉस्टेड, अँड द बॉय हॅज सिम्प्ली गिव्हन अप. द फॅन्स आर गेटिंग वेट, बट दे सीम टु बी इन अ मच बेटर मूड, परहॅप्स बिकॉज दे'व्ह चोझन टु बी देअर. द कपल हॅवन्ट गॉट एनी चॉइस.”

हे एकशेचाळीसच्या आसपास शब्द आहेत, आणि संथ पण न अडखळता बोललं तर मिनिटात बसतात. तुमचा वेग कमी असेल तर विमान उशिरा असल्याचं लांब वाक्य अर्ध्यावर आणा. शेवटचा भाग कापू नका. निळा शर्ट इथे कुठेच नाही, “आय कॅन सी” एकदाही नाही.

हा नमुना पाठ करायचा नाही. पाठांतर ऐकू येतं, आणि फोटो वेगळे आले की ते कोसळतं. त्याऐवजी कोणत्याही वर्तमानपत्रातले एकाच विषयाचे दोन फोटो घ्या, म्हणजे दोन बाजार, दोन शाळा, दोन स्वयंपाकघरं, आणि स्वतःच एक प्रश्न ठरवा. पहिल्या फेरीत नुसते फरक जोडा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक फरकाला एक अंदाज आणि त्याचा पुरावा लावा. तिसऱ्या फेरीत मिनिट लावून सगळं बोला. फोटो पुढे आल्यावर विचार करायला खास वेळ देत नाहीत, त्यामुळे सरावातही दोन-तीन सेकंदांहून जास्त घेऊ नका.

अडलं तर

शब्द आठवला नाही तर थांबू नका, वळसा घाला. छत्रीचा शब्द गेला? “दे आर होल्डिंग समथिंग टु कीप द रेन ऑफ.” यंत्राचं नाव माहीत नाही? “सम काइंड ऑफ मशीन.” परीक्षकाला “हाउ डू यू से धिस?” विचारून काही मिळणार नाही, उलट मिनिटातले पाच सेकंद जातील.

तुमचं वाक्य चालू असताना परीक्षक “थँक यू” म्हणाला तर ते अपयश नाही. मिनिट संपलं, एवढाच त्याचा अर्थ. घाईने पुढचं वाक्य कोंबू नका. याउलट चाळीस सेकंदांतच गप्प झालात तर मात्र गुण देणाऱ्याला ऐकायला कमी मिळतं. अशा वेळी पुन्हा फोटोकडे न जाता प्रश्नाकडे जा आणि अजून एक अंदाज जोडा: “दे माइट ऑल्सो बी अ बिट वरीड, बिकॉज...”

जोडीदाराच्या फोटोंवरचं अर्धं मिनिट

जोडीदार बोलत असताना त्याचे फोटो बघा आणि ऐका, कारण नंतर परीक्षक तुमच्याकडे वळतो. आपल्या नमुन्यातले फोटो जोडीदाराचे असते तर तो विचारेल: “डू यू फाइंड इट ईझी टु वेट?” इथे तुलना करायची नाही, फोटोंचं वर्णन तर नाहीच. जोडीदाराने चांगलं बोललं म्हणून त्याचीच री ओढणारे खूप असतात, त्याचाही उपयोग नाही. तुमच्याबद्दल सरळ सांगा आणि एक कारण द्या: “नॉट रिअली. आय डोन्ट माइंड वेटिंग विथ फ्रेंड्स, लाइक द पीपल इन द क्यू, बट इफ आय'म ऑन माय ओन आय गेट बोअर्ड क्वाइट क्विकली.” तीन-चार वाक्यं पुरेत. इथे अंदाजाची भाषाही नको. स्वतःच्या आवडीबद्दल “आय माइट बी बोअर्ड” म्हणणारा उमेदवार ऐकायला जरा विचित्रच वाटतो.

पुढची पायरी म्हणजे ‘सी१ ॲडव्हान्स्ड’. तिथे तीन फोटो देतात, त्यातले दोन तुम्हीच निवडायचे आणि तेवढ्याच मिनिटात बोलायचं. तिथे प्रश्नही दोन भागांचा असतो, त्यामुळे फोटो निवडताना ज्यांच्यावर दोन्ही भागांचं उत्तर देता येईल ते उचला. दिसायला सुंदर म्हणून नको.